पन्नास लाखांच्या फीचा हिशेब

पुण्याभोवतीच्या वर्तुळाकार रस्त्यासाठी किंवा समृद्धी महामार्गासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्या खात्यात एकदम मोठी रक्कम आली. एखाद्याने जुना बंगला विकसकाला दिला, एखाद्याला निवृत्तीनंतर भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी मिळून कोटभर रुपये मिळाले. असा पैसा आला की बँकेतला ‘रिलेशनशिप मॅनेजर’ घरी चहाला येतो आणि म्हणतो, “काका, म्युच्युअल फंड सगळ्यांसाठीच असतो. पीएमएस तुमच्यासारख्यांसाठी असते.” या वाक्याचा असर मी अनेक घरांत पाहिला आहे. पन्नास लाखांची अट ही पात्रतेची परीक्षा आहे आणि आपण ती उत्तीर्ण झालो, असे ऐकणाऱ्याला वाटू लागते.

वास्तविक ती अट कशासाठी आहे? पोर्टफोलिओ मॅनेजमेंट सर्व्हिस, म्हणजे पीएमएस, यासाठी किमान रक्कम २०१२ पासून २५ लाख होती. सेबीने २०२० च्या नव्या नियमांत ती ५० लाख केली. पर्यायी गुंतवणूक निधी, म्हणजे एआयएफ, यांचे नियम २०१२ मध्ये आले, त्यांत साधारण गुंतवणूकदारासाठी किमान एक कोटी ठेवले आहेत. म्युच्युअल फंडात मात्र पाचशे रुपयांची, काही योजनांत शंभर रुपयांचीही एसआयपी चालते. या आकड्यांमागचा विचार असा, की जिथे नियमांचे कुंपण सैल आहे तिथे फक्त नुकसान सोसू शकणाऱ्यानेच यावे. म्युच्युअल फंडाची साधी इक्विटी योजना एका कंपनीच्या शेअरमध्ये १० टक्क्यांहून जास्त पैसे घालू शकत नाही. पीएमएसवर अशी मर्यादा नाही. तिथे पंधरा-वीस शेअरमध्ये सगळे पैसे असणे नेहमीचेच. म्हणजे ५० लाखांचा आकडा धोक्याची पाटी आहे, आणि विकणारा मात्र तिचे मानपत्र करून हातात देतो. ज्याच्याकडे एकूण साठ लाखच आहेत त्याने त्यातले पन्नास एका पीएमएसमध्ये टाकणे मला सरळसरळ चूक वाटते, मग ती पीएमएस कितीही नावाजलेली असो.

दोन्हींतला पायाभूत फरक आधी सांगतो, कारण पुढचे सगळे त्यातून येते. म्युच्युअल फंडात सर्वांचे पैसे एका ट्रस्टमध्ये एकत्र होतात आणि तुम्हाला युनिट मिळतात. शेअर फंडाचे असतात, तुमचे नसतात. पीएमएसमध्ये तुमच्या नावाचे डीमॅट खाते उघडते, शेअर त्यात तुमच्या नावावर येतात, आणि ते केव्हा घ्यायचे-विकायचे हे ठरवण्याचा अधिकार तुम्ही करारनाम्याने व्यवस्थापकाला देता. एआयएफमध्ये पुन्हा युनिटच असतात, पण तो निधी जाहिरात करून लोकांकडून पैसे गोळा करत नाही. मोजक्या लोकांना खासगी माहितीपत्र देऊन तो पैसे घेतो आणि एका योजनेत हजाराहून जास्त गुंतवणूकदार घेऊ शकत नाही.

आता फी. म्युच्युअल फंडाची फी तुम्हाला कधी वेगळी भरावी लागत नाही. ती रोज थोडीथोडी एनएव्हीतून वजा होत असते आणि तिला सेबीची कमाल मर्यादा असते. फंड मोठा होत जाईल तशी ही मर्यादा खाली येते. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक योजनेचा ‘डायरेक्ट’ प्लॅनही असतो. त्यात वितरकाचे कमिशन नसल्याने खर्च कमी लागतो.

पीएमएसमध्ये फीला कमाल मर्यादा नाही. फी किती हे तुम्ही आणि व्यवस्थापक यांच्यातल्या करारावर सोडलेले आहे. सेबीने काही कडा मात्र बांधल्या आहेत. सुरुवातीलाच वेगळी प्रवेश-फी घेता येत नाही. दलाली सोडून कस्टोडियन, हिशेब, लेखापरीक्षण वगैरे खर्च वर्षाला अर्ध्या टक्क्याच्या आतच ठेवावा लागतो. वितरकाला कमिशन एकदम आगाऊ देता येत नाही. आणि फी ठरावीक असेल, नफ्यावर असेल किंवा दोन्ही मिळून असेल, ती कशी मोजली जाईल हे उदाहरणासह करारनाम्याच्या जोडपत्रात द्यावे लागते. फी समजली असे ग्राहकाने स्वतः लिहून द्यावे, असा नियमही २०२४ मध्ये आला. बहुतेक लोक ते वाक्य लिहितात आणि जोडपत्र वाचत नाहीत. म्हणून ते जोडपत्र आपण इथे सोडवून पाहू.

समजा दीड कोटी मोबदला मिळालेल्या एका काकांनी पन्नास लाख पीएमएसमध्ये दिले. करारात लिहिले आहे: ठरावीक फी वर्षाला दीड टक्का, आणि १० टक्क्यांच्या ‘हर्डल’च्या वर जो नफा होईल त्याचा २० टक्के वाटा. दोन्हींवर १८ टक्के जीएसटी. हिशेब सोपा राहावा म्हणून फी वर्षारंभीच्या रकमेवर धरू आणि दलाली व इतर खर्च बाजूला ठेवू.

पहिल्या वर्षी व्यवस्थापकाने २० टक्के कमावले. पन्नासचे साठ लाख झाले. ठरावीक फी ७५ हजार. ती वजा जाता नफा राहिला ९ लाख २५ हजार. हर्डल १० टक्के म्हणजे ५ लाख. त्याच्या वरचे ४ लाख २५ हजार. त्याचा २० टक्के वाटा ८५ हजार. एकूण फी १ लाख ६० हजार, त्यावर जीएसटी २८ हजार ८००. काकांच्या खात्यात राहिले ५८ लाख ११ हजार. वीस टक्क्यांचे सोळा-सव्वासोळा टक्के झाले. एवढ्यावर काका खूश आहेत, आणि असायला हरकतही नाही.

पण त्याच करारात ‘कॅच-अप’ हा शब्द असता तर? कॅच-अपचा अर्थ असा, की नफा हर्डलच्या पुरेसा वर गेला की व्यवस्थापक फक्त वरच्या भागाचा नव्हे, तर अगदी पहिल्या रुपयापासूनच्या नफ्याचा वाटा घेतो. मग ४ लाख २५ हजारांऐवजी पूर्ण ९ लाख २५ हजारांवर २० टक्के लागतात, म्हणजे १ लाख ८५ हजार. ठरावीक फी आणि जीएसटी धरून काकांना ३ लाख ६ हजार ८०० द्यावे लागले असते. बाजार तोच, शेअर तेच, आणि एका शब्दापायी १ लाख १८ हजारांचा फरक. जोडपत्र हातात आले की सर्वांत आधी हा शब्द शोधावा. कधी तो नावाने नसतो. ‘हर्डल ओलांडल्यास एकूण नफ्यावर’ अशा वाक्यात लपलेला असतो. आपल्या करारात कॅच-अप नाही असे धरून पुढे जाऊ.

दुसऱ्या वर्षी बाजार पडला आणि खात्याचे १५ टक्के गेले. ५८ लाख ११ हजारांचे ४९ लाख ४० हजारांच्या आसपास झाले. नफ्यातला वाटा अर्थातच नाही, पण ठरावीक फी चालूच राहते. ती जीएसटीसह १ लाख ३ हजारांच्या जवळपास होते. उरले ४८ लाख ३७ हजार. पहिल्या वर्षी दिलेला नफ्याचा वाटा परत मिळत नाही. व्यवस्थापक चांगल्या वर्षाचा भागीदार असतो, वाईट वर्षाचा नाही.

तिसऱ्या वर्षी पुन्हा २० टक्के वाढ झाली आणि फी वजा जाता खाते ५७ लाख १८ हजारांवर आले. इथे ‘हाय वॉटर मार्क’ हा नियम काकांच्या मदतीला येतो. खात्याने आधी गाठलेली सर्वांत वरची पातळी, म्हणजे ५८ लाख ११ हजार, पुन्हा ओलांडल्याशिवाय नफ्याचा वाटा मागता येत नाही. सेबीने तो सक्तीचा केला आहे. तो नसता तर तिसऱ्या वर्षी काकांनी फक्त गमावलेले परत मिळवण्यासाठी दुसऱ्यांदा वाटा दिला असता.

आता तीन वर्षांचा हिशेब एकत्र पाहू. फी अजिबात नसती तर पन्नास लाखांचे ६१ लाख २० हजार झाले असते. काकांकडे आहेत ५७ लाख १८ हजार. ११ लाख २० हजारांच्या नफ्यातले चार लाख, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त, फी आणि जीएसटीत गेले. हेच शेअर, हीच चढउतार एखाद्या म्युच्युअल फंडाच्या डायरेक्ट प्लॅनमध्ये असती आणि खर्च वर्षाला एक टक्का असता, तर ५९ लाख ३८ हजार राहिले असते. खर्च दोन टक्के असलेल्या रेग्युलर प्लॅनमध्ये ५७ लाख ६० हजार.

या शेवटच्या आकड्यावर जरा थांबायला हवे. वितरकामार्फत घेतलेला महागडा रेग्युलर प्लॅन आणि ही पीएमएस यांत फार अंतर नाही. ‘पीएमएस महाग, म्युच्युअल फंड स्वस्त’ हे सरसकट खरे नाही. मोठे अंतर आहे ते मध्यस्थासह आणि मध्यस्थाविना घेतलेल्या योजनांत. पीएमएसमध्येही थेट खाते उघडण्याची सोय २०२० च्या नियमांनी द्यायला लावली आहे, पण ती मागावी लागते. घरी चहाला आलेला माणूस ती सांगणार नाही. मात्र आपण बाजूला ठेवलेला अर्ध्या टक्क्यापर्यंतचा खर्च आता मिळवला, तर पीएमएसचे पारडे आणखी खाली जाते. म्हणजे पीएमएसच्या व्यवस्थापकाला फक्त बरोबरी साधण्यासाठीसुद्धा चांगल्या डायरेक्ट फंडापेक्षा दरवर्षी सव्वा ते पावणेदोन टक्के जास्त कमवावे लागतील. काही व्यवस्थापक कमावतातही. कोण कमावेल हे आधी कळत नाही, फी मात्र आधीच ठरलेली असते.

पैसे काढायची वेळ आली की किमान रकमेचा दुसरा चेहरा दिसतो. बाजार पडून खाते पन्नास लाखांच्या खाली गेले तर भर घालावी लागत नाही, हे ठीक. पण अंशतः पैसे काढल्यावर खात्यात किमान पन्नास लाख उरलेच पाहिजेत. पहिल्या वर्षाअखेर काकांना जास्तीत जास्त आठ लाख काढता आले असते. दुसऱ्या वर्षाअखेर, खाते ४८ लाखांवर असताना, मुलीच्या लग्नासाठी दहा लाख लागले असते तर? दहा लाख मिळाले नसतेच. पूर्ण खाते बंद करावे लागले असते, तेही बाजार पडलेला असताना. शिवाय करारात निर्गमन शुल्क असते. पहिल्या वर्षी कमाल ३ टक्के, दुसऱ्या वर्षी २, तिसऱ्या वर्षी १, आणि त्यानंतर काही नाही. म्युच्युअल फंडात वर्षभरानंतर बहुतेक इक्विटी योजनांना असे शुल्क उरत नाही आणि लागतील तेवढेच पैसे काढता येतात. ज्याच्या घरात पुढच्या चार-पाच वर्षांत मोठा खर्च दिसतो आहे, त्याच्यासाठी हा एकच मुद्दा मला फीपेक्षा वजनदार वाटतो.

कराचा भाग विकणारे क्वचितच काढतात. म्युच्युअल फंडाच्या व्यवस्थापकाने योजनेत वर्षभरात कितीही शेअर विकले तरी तुम्हाला कर लागत नाही. तुम्ही स्वतः युनिट विकाल तेव्हाच लागतो. पीएमएसमधले शेअर तुमच्या नावावर असल्याने व्यवस्थापकाने विकलेला प्रत्येक शेअर ही कायद्याने तुमची विक्री. वर्षाच्या आत विकून नफा झाला तर २० टक्के, वर्षानंतर विकून झाला तर सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के. काकांच्या खात्यात पहिल्या वर्षी चार लाखांचा अल्पकालीन नफा वसूल झाला असेल, तर ८० हजार कर आणि त्यावर उपकर त्यांनी त्याच वर्षी भरायचा, आगाऊ कराच्या तारखा सांभाळून. दुसऱ्या वर्षीचा तोटा पुढच्या आठ वर्षांत वळता करता येतो, मागच्या वर्षीच्या कराविरुद्ध नाही. व्यवस्थापकाने जाहीर केलेल्या परताव्यात तुमचा हा कर धरलेला नसतो. म्हणून पीएमएसचा आकडा म्युच्युअल फंडाच्या आकड्याशेजारी तसाच ठेवून पाहणे फसवे आहे. दिलेली फी नफ्यातून वजा करता येते का, यावरही एकवाक्यता नाही. आयकर अपील न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाने एका प्रकरणात ती मान्य केली होती, मुंबई खंडपीठाने दुसऱ्या प्रकरणात नाकारली होती. वजावट मिळेलच असे धरून गणित मांडू नये.

पारदर्शकतेच्या बाबतीत विकणाऱ्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. पीएमएसमध्ये तुम्हाला तुमच्या खात्यातला प्रत्येक व्यवहार दिसतो. कोणता शेअर कधी, कोणत्या भावाने घेतला, दलाली किती गेली, सगळे. म्युच्युअल फंडात एवढे बारीक दिसत नाही. योजनेकडे कोणते शेअर आहेत हे महिना संपल्यावर दहा दिवसांत जाहीर होते. पण म्युच्युअल फंडाबद्दल जे जाहीर होते ते सर्वांना, एकाच मापाने दिसते. रोजची एनएव्ही, रोजचे खर्चाचे प्रमाण, निर्देशांकाशी तुलना, हे कोणीही घरबसल्या ताडून पाहू शकतो. पीएमएसमध्ये प्रत्येकाचे खाते वेगळे. काकांनी मार्चमध्ये पैसे दिले, शेजाऱ्यांनी ऑगस्टमध्ये. व्यवस्थापक तोच, धोरण तेच, तरी परतावा वेगळा. व्यवस्थापक जो आकडा जाहीर करतो तो त्या धोरणातल्या सर्व खात्यांचा एकत्रित असतो. तो खोटा नसतो, पण तुमचा नसतो. तो तपासायचा असेल तर चकचकीत सादरीकरणावर विसंबू नये. सेबीच्या संकेतस्थळावर आणि पोर्टफोलिओ व्यवस्थापकांच्या संघटनेच्या, म्हणजे एपीएमआयच्या, संकेतस्थळावर धोरणनिहाय मासिक आकडे असतात. तिथे त्याच घराण्याची सगळी धोरणे पाहावीत. सादरीकरणात फक्त चमकलेले एक असते.

‘आमच्या उद्योगाकडे इतके लाख कोटी आहेत’ हे वाक्यही ऐकायला मिळते. त्या आकड्याचा फार मोठा भाग कर्मचारी भविष्यनिर्वाह निधीसारख्या संस्थांचा आहे. तो पैसा मुख्यतः रोख्यांत असतो आणि अगदी नगण्य फीवर सांभाळला जातो. काकांच्या पन्नास लाखांशी त्याचा संबंध नाही.

एआयएफकडे शेवटी वळतो, कारण तिथे फी कळणे सर्वांत अवघड. एआयएफचे तीन वर्ग आहेत. पहिल्यात नवउद्योग, पायाभूत सुविधा वगैरे, दुसऱ्यात खासगी कंपन्यांचे भाग, कर्जे, बांधकाम प्रकल्प, आणि तिसऱ्यात शेअर बाजारातली गुंतागुंतीची धोरणे. पहिल्या दोन वर्गांत तुम्ही एक कोटीची हमी देता, पण पैसे एकदम द्यायचे नसतात. निधी मागेल तसे हप्त्याने, ‘ड्रॉडाउन’ने द्यायचे. यात मेख अशी, की फी बहुधा दिलेल्या पैशांवर नव्हे, कबूल केलेल्या पूर्ण कोटीवर लागते. दोन टक्के फी आणि जीएसटी म्हणजे वर्षाला २ लाख ३६ हजार. पहिल्या वर्षी निधीने २५ लाखच मागितले असतील, तर त्या २५ लाखांवर ही फी जवळजवळ साडेनऊ टक्के पडते. उरलेले पंचाहत्तर लाख मागणी येईल तेव्हा द्यायला तुम्ही लिक्विड फंडात किंवा ठेवीत तयार ठेवायचे. हप्ता चुकला तर दंडव्याज, आणि करारानुसार त्याहूनही कडक परिणाम असतात. निधीचा जाहीर परतावा मात्र मागितलेल्या पैशांवरच मोजलेला असतो; वाट पाहत पडून असलेले पंचाहत्तर लाख त्यात नसतात.

शिवाय इथे रोजचा भाव नाही. खासगी कंपनीच्या भागाची किंमत मूल्यांककाच्या अंदाजावर ठरते. पहिल्या दोन वर्गांच्या निधीचा वार्षिक अहवाल आर्थिक वर्ष संपल्यावर १८० दिवसांत दिला तरी चालतो. म्हणजे मार्चची स्थिती तुम्हाला सप्टेंबरमध्ये कळू शकते. मुदत सहसा बरीच वर्षे, आणि गुंतवणूकदारांपैकी रकमेने दोन-तृतीयांशांनी संमती दिली तर ती आणखी दोन वर्षे वाढते. तुम्ही उरलेल्या एक-तृतीयांशात असलात तरी थांबावेच लागते.

एप्रिल २०२५ पासून म्युच्युअल फंड कंपन्यांना ‘विशेष गुंतवणूक निधी’, म्हणजे एसआयएफ, चालवायची मुभा मिळाली आहे. तिथे किमान रक्कम एका कंपनीकडे सर्व धोरणे मिळून १० लाख आणि खर्चाची मर्यादा म्युच्युअल फंडासारखी. ज्यांना वेगळे धोरण हवे आहे पण पन्नास लाख एका हाती द्यायचे नाहीत, त्यांच्यासाठी हा मधला मार्ग आहे. त्याचा मागचा इतिहास मात्र अजून फार तोकडा आहे.

दीड कोटीवाल्या काकांनी मला विचारले असते, तर मोठा भाग दोन-तीन डायरेक्ट म्युच्युअल फंडांत आणि घरखर्चाचा भाग ठेवीत, असेच मी सांगितले असते. पीएमएस घ्यायचीच असेल तर सही करण्याआधी व्यवस्थापकाकडून तीन गणिते लिहून मागा म्हटले असते, पन्नास लाखांवर २० टक्के नफा झाला, २० टक्के तोटा झाला आणि काहीच झाले नाही तर फी, जीएसटी आणि खर्च धरून खात्यात नेमके किती रुपये उरतील. असे उदाहरण फीच्या जोडपत्रात असतेच. ते काकांच्या स्वतःच्या रकमेवर आणि त्यांनी निवडलेल्या फीवर मांडून द्यायला व्यवस्थापकाला दहा मिनिटे लागत नाहीत.